निरोपाच्या चित्रफितीची संहिता लिहून देणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आगारातील ज्येष्ठ वाहतूक नियंत्रक निवृत्त होणार म्हणून चालक, वाहक आणि कार्यशाळेतील मंडळींचे छोटे संदेश जोडून चित्रफीत करायचे ठरले, आणि त्याची संहिता आपण लिहून दिलीत, याबद्दल आम्ही सर्व कर्मचारी आपले मनापासून आभारी आहोत.

सुरुवातीला आलेल्या संदेशांत ‘मनमिळाऊ’, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’ याखेरीज फारसे काही नव्हते. ते वाचून आपण प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवलात: साहेबांना काय करताना तुम्ही स्वतः पाहिले? फोंडा घाटात दरड कोसळल्याने अडकलेल्या रात्रीच्या गाडीची आठवण त्यामुळेच बाहेर आली. त्या चालकाने मिनिटाहून अधिक काळ बोलून पाठवलेल्या संदेशातले विशेषणांचे पाल्हाळ आपण काढून टाकलेत आणि एवढेच ठेवलेत: “गाडी घाटात अडकली होती. साहेब पहाटेपर्यंत फोनजवळ बसून होते. गाडीतल्या माणसांच्या घरी त्यांनी एकेक करून निरोप दिला.” पडद्यावर याला जेमतेम पंधरा सेकंद लागली. हाच प्रसंग वाहकानेही सांगितला होता. आपण त्याच्याकडून वेगळी आठवण मागून घेतलीत, हे बरे झाले, कारण एकच गोष्ट दोनदा ऐकू आली की सभागृहात चुळबुळ सुरू होते.

चित्रफीत पाच मिनिटांची ठेवायची होती. बारा जणांना प्रत्येकी वीस सेकंद दिल्यावर निवेदनासाठी मिनिटच उरत होते, म्हणजे सावकाश बोलल्यास सव्वाशेच्या आसपास शब्द. तेवढ्यात आपण संदेश हुद्द्यानुसार न लावता आगाराच्या दिवसानुसार लावलेत: पहाटेच्या पहिल्या गाडीचा चालक आधी, मग दुपारची कार्यशाळा, आणि शेवटी मुक्कामी गाडीचा वाहक. वरिष्ठांचा संदेश त्यामुळे मध्येच आला. थोडी कुरकुर झाली, पण ती आपण शांतपणे ऐकून घेतलीत आणि क्रम मात्र बदलला नाहीत.

बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर दोन सेकंद गप्प राहण्याची आपली सूचना तेव्हा विचित्र वाटली होती. जोडकाम करणाऱ्या मुलाने नंतर सांगितले, की ज्यांनी ती पाळली नाही, त्यांच्या शेवटच्या वाक्याचे ‘होते’ नाहीतर ‘आहे’ कापले जात होते. इंजिनांच्या घरघरीपासून दूर, विश्रांतिगृहात चित्रण करायला लावल्याने चालकांचे मालवणी बोलणेही स्पष्ट ऐकू आले. ते प्रमाण मराठीत बदलण्याचा आग्रह आपण धरला नाहीत, याचे विशेष आभार.

कापलेले सगळे मूळ संदेश आपल्या सांगण्याप्रमाणे पेन ड्राइव्हवर भरून साहेबांच्या मुलीकडे दिले आहेत.

आपले,
आगारातील सर्व कर्मचारी
(सिंधुदुर्ग)