जीआरएन तपासल्याशिवाय करारनाम्यावर सही करू नका

ग्रुपमधल्या सगळ्यांना सूचना, सध्या वावर ठेक्यानं द्या-घ्यायचे करारनामे चालू आहेत आणि बरेच जण स्टॅम्प ड्युटी भरल्याच्या ई-चलनाची नुसती झेरॉक्स पाहून सही करून मोकळे होतात. असं करू नका. चलनावर MH पासून सुरू होणारा जीआरएन नंबर असतो, तो सरकारच्या gras.mahakosh.gov.in वर चलन शोधून जुळवून पहा. नुसता नंबर सापडला म्हणजे झालं असं नाही, दोन्ही पार्ट्यांची नावं, रक्कम न् तारीख कागदावर आहे तशीच दिसली पाहिजे. समजा कागदावर ५०० रुपये आणि तुमचं नाव आहे पण साइटवर दुसऱ्याच गावच्या माणसाचं नाव निघालं, तर ते खऱ्या चलनावर नाव बदलून केलेलं आहे, सही थांबवा. चलन डिफेस झालेलं दिसलं तर ते आधीच वापरलेलं आहे, दुसऱ्या कागदाला चालत नाही.

चलनाऐवजी फ्रँकिंग, म्हणजे बँकेनं मशीननं मारलेला स्टॅम्प ड्युटीचा ठसा असेल, तर तो मूळ कागदावर पाहिजे, झेरॉक्सवरचा नको, आणि शंका आली तर ज्या बँकेनं केलं तिथं नोंद विचारा.

आणि हो, जात-उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, कोणी स्टॅम्प मागितला तर उगाच पैसे देऊ नका.