दप्तराची सरासरी काढून मुलांची पाठ कळत नाही

मा. संपादक,
स. न.

नववीच्या आरोग्य पाहणीची कालची बातमी वाचली. दप्तराचे सरासरी वजन विद्यार्थ्यांच्या सरासरी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत आहे, सबब पाठदुखीच्या तक्रारींचा दप्तराशी संबंध नाही, असा निष्कर्ष आपण ठळक चौकटीत छापला आहे. हा हिशेब चुकला आहे.

दहा टक्क्यांची मर्यादा प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे लागू होते. राज्य सरकारच्या 2015 च्या आदेशात आणि केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही ती तशीच आहे. एकाच वर्गातली तीन मुले घ्या, वजने 30, 42 आणि 60 किलो. वेळापत्रक एकच, म्हणून तिघांचेही दप्तर 4.2 किलोचे धरू. पहिल्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या 14 टक्के भार आहे, दुसऱ्याच्या 10, तिसऱ्याच्या 7. आता आपल्या पद्धतीने करू. सरासरी वजन 44 किलो, 4.2 भागिले 44 म्हणजे साडेनऊ टक्के. वर्ग उत्तीर्ण! तीस किलोचे मूल या आकड्यात कुठेच दिसत नाही, आणि मर्यादा ठरवली ती नेमकी त्याच्यासाठी. नववीत काही मुलांची वाढ झालेली असते, काहींची व्हायची असते. त्यामुळे या वयात सरासरी जास्तच फसवते. प्रत्येकाची टक्केवारी वेगळी काढावी आणि दहाच्या वर किती मुले गेली तेवढे छापावे.

त्याहून मोठी चूक वजन करण्याच्या दिवसाची. बातमीत पाहणी शनिवारी झाल्याचे म्हटले आहे. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तास कमी, वह्या कमी, बहुतेकांचा डबाही नसतो. दप्तर मोजायचे तर आठवड्यातले किमान दोन पूर्ण दिवस, आदल्या दिवशी न सांगता, शाळेत शिरताना मोजायला हवे, पाण्याची बाटली भरलेली असताना. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि मधल्या सुट्टीनंतर ते दप्तरात राहत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर छत्री, रेनकोट आणि भिजलेले दप्तर यांचाही भार असतो. दप्तर हुकाच्या काट्याला टांगून तोलावे. मुलाला दप्तरासह आणि दप्तराविना काट्यावर उभे करून वजाबाकी केली, तर दोन्ही वेळची चूक उत्तरात येते. चाळीस किलोत अर्धा किलो चुकला तर फारसे बिघडत नाही, चार किलोत बिघडते.

आता तक्रारींकडे. ‘पाठ दुखते का?’ हा प्रश्न वर्गशिक्षकांसमोर हात वर करायला लावून विचारला, तर उत्तरे शेजाऱ्याकडे बघून येतात. गेल्या सात दिवसांत दुखले का, मान, खांदा, पाठ की कंबर, हे शरीराच्या चित्रावर खूण करून, एकेकट्याने लिहून घ्यावे. सोबत विचारावे की दप्तर किती मिनिटे पाठीवर असते आणि एका खांद्यावर की दोन्ही. वाडीवरून पाखाडी चढून येणारा आणि एस.टी.त दप्तर मांडीवर घेऊन येणारा, दोघांचे दप्तर सारखे भरले तरी पाठीला सारखे पडत नाही. ‘पोक काढणे’ हेही दप्तर उतरवून तपासायचे असते. दप्तर पाठीवर असताना कोणीही पुढे झुकतो, तोल राखण्यासाठी शरीर ते आपसूक करते.

एवढे सगळे नीट केले तरी दप्तरामुळेच पाठ दुखते असे एका पाहणीतून ठरत नाही, हेही लिहायला हवे. 2018 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये 69 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराच्या वजनाने मुलांची पाठदुखी वाढते याचा खात्रीलायक पुरावा त्यात सापडला नाही. उंचीला न जुळणारे बाक, तासन्‌तास बसणे, खेळाचा तास गणिताला देणे, अपुरी झोप, हे सगळे त्याच मुलाच्या वाट्याला येत असते. म्हणून ‘संबंध नाही’ आणि ‘दप्तरानेच पाठ वाकली’ ही दोन्ही विधाने या पाहणीच्या आवाक्याबाहेरची आहेत. दहाच्या वर किती मुले आहेत आणि त्यांच्यात तक्रारींचे प्रमाण इतरांपेक्षा किती वेगळे आहे, एवढेच ती सांगू शकते. त्यातही मुलगे-मुली वेगळे मोजावेत, कारण या वयात मुली पाठदुखी जास्त सांगतात आणि त्यांची वजनेही वेगळी असतात.

जाता जाता आणखी एक, आणि याचा मला जास्त राग आला आहे. सर्वांत कमी वजनाच्या मुलीचे नाव, शाळा आणि किलोचा आकडा आपण बातमीत दिला आहे. आरोग्य तपासणीतले वजन त्या मुलीचे आणि तिच्या आईवडिलांचे. चौदा वर्षांच्या मुलीला उद्या त्याच वर्गात जाऊन बसायचे आहे. ऑनलाइन आवृत्तीतून ते नाव आजच काढावे.

आपला,
एक शारीरिक शिक्षण शिक्षक, देवगड