टीएसएच तपासणी १०० रुपयांतच राहावी म्हणून : आमच्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या रुग्णसेवा मंडळाच्या लॅबमध्ये थायरॉइडची टीएसएच तपासणी १०० रुपयांत होते. हा दर वाढवायचा नाही, असे मंडळाच्या बैठकीत ठरले आहे. पण त्याच बैठकीत खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा या एका तपासणीला मंडळाला १५२ रुपये पडतात असे दिसले. आठवड्याला सरासरी ३० रुग्ण धरले, तर वर्षाला सुमारे ७८ हजारांची तूट येते. आजवर ती देणगीतून भरून निघाली. यंदा मात्र आम्ही तूट भरून काढण्यासाठी पैसे मागत नाही. तूट का येते ते आधी सांगतो, म्हणजे आम्ही काय मागतो आहोत आणि का, ते कळेल.

टीएसएच आपल्याकडे एलायझा पद्धतीने होते. किटमध्ये ९६ वेल असतात, म्हणजे प्लॅस्टिकचे सुमारे सेंटिमीटरभर खोल खळगे, आठ-आठच्या बारा स्ट्रिपमध्ये. आपल्याला किट २,८८० रुपयांना पडते, म्हणजे वेलमागे ३० रुपये. एका रुग्णाला एक वेल लागतो. मग रीएजंटचा खर्च ३० रुपयेच व्हायला हवा, असे कोणालाही वाटेल. पण नमुने एकत्र लावायच्या प्रत्येक बॅचला, रुग्ण कितीही असोत, आधी कॅलिब्रेटर लावावे लागतात. त्यांच्यात टीएसएच किती आहे ते ठाऊक असते. त्यांच्या रंगावरून आलेख निघतो आणि त्या आलेखावर रुग्णाचा आकडा वाचला जातो. सहा कॅलिब्रेटर, प्रत्येकी दोनदा, असे बारा वेल. शिवाय आकडे बरोबर येतात का ते पडताळणारे दोन कंट्रोल, एक सामान्य पातळीचा आणि एक वाढलेला. एकूण चौदा वेल पहिल्या रुग्णाआधीच संपतात.

आपण सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा तीन बॅच लावतो आणि प्रत्येक बॅचला जेमतेम दहा रुग्ण असतात. दहा रुग्णांसाठी चोवीस वेल, म्हणजे ७२० रुपये. रुग्णामागे ३० च्या जागी ७२ झाले. रक्तातल्या साखरेचे असे नसते. तिथे कॅलिब्रेशन केले की ते काही दिवस चालते, आणि सेमी-ऑटो यंत्रावर एका रुग्णाला एक मिली रीएजंट लागले की काम झाले. म्हणून साखरेच्या तपासणीत आपण तोट्यात नाही, आणि टीएसएचमध्ये आहोत.

आता माणसाचा वेळ. आपल्या टेक्निशियनताई सीरम आणि एन्झाइमचे द्रावण वेलमध्ये घालतात, तासभर ठेवतात, मग पाच वेळा धुतात. धुतल्यावर स्ट्रिप टिश्यू पेपरवर उलट्या आपटून शेवटचा थेंब काढतात, कारण राहिलेल्या थेंबाने रंग खोटा चढतो. नंतर रंग आणणारे सब्स्ट्रेट, पंधरा मिनिटे, मग स्टॉप सोल्यूशन, आणि पिवळा रंग रीडरवर ४५० नॅनोमीटरला वाचायचा. यात अडीच तास जातात. त्यांच्या पगाराचा तासाचा हिशेब ९० रुपये येतो, म्हणजे बॅचला २२५. रुग्ण दहाच्या ऐवजी चौतीस असले तर फार तर अर्धा तास वाढेल, कारण थांबण्याचा आणि धुण्याचा वेळ तेवढाच राहतो.

रीडर आणि वॉशर एका दात्यांनी दिले, म्हणून त्यांचा खर्च धरू नये, असे काही सभासदांचे म्हणणे होते. आम्हाला ते पटत नाही. उद्या रीडर बंद पडला तर नवा कशातून आणणार? दोन्ही यंत्रांची किंमत २ लाख ४० हजार. आठ वर्षे चालतील असे धरले तर वर्षाला ३० हजार, आणि देखभालीचे १२ हजार. हे ४२ हजार वर्षातल्या दीडशे बॅचवर वाटले, तर बॅचमागे २८० रुपये येतात. रुग्णामागे २८ रुपये झाले, जवळपास एका वेलच्या किमतीइतके.

यात सुई, ट्यूब, टिप, हातमोजे मिळून रुग्णामागे १५ रुपये आणि स्वतंत्र विकत घेतलेल्या कंट्रोलचे बॅचला ६० रुपये मिळवा. दर बारा बॅचमागे एक बॅच बाद होते हेही धरा. बाद होते म्हणजे काय? कंट्रोलचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, किंवा एकाच कॅलिब्रेटरचे दोन वेल वेगळे बोलायला लागले, की ताई सगळी बॅच टाकून देतात आणि पुन्हा लावतात. मागच्या पावसाळ्यात असे वारंवार व्हायला लागले. वॉशरची एक सुई मिठाच्या थराने अर्धवट बुजली होती, त्यामुळे त्या रांगेतले वेल नीट धुतलेच जात नव्हते. ताईंनी ते ओळखले ते आकड्यांवरून. रंग चढलेले वेल दरवेळी एकाच रांगेत येत होते. बाद बॅचचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत, ते मंडळाच्याच माथी बसतात. हे सगळे धरून १५२ होतात.

उपाय बॅच मोठी करण्यात आहे. शेजारच्या तीन गावांतल्या दवाखान्यांतले डॉक्टर आपल्याकडे नमुने पाठवायला तयार आहेत. आज त्यांच्या रुग्णांना टीएसएचसाठी जिल्ह्याच्या गावी एसटीने जावे लागते, आणि रिपोर्ट आणायला पुन्हा दुसरी फेरी. त्यांचे आठवड्याला अंदाजे पस्तीस ते चाळीस नमुने येतील. मग मंगळवार आणि शुक्रवार अशा दोनच बॅच लावू, प्रत्येकी सुमारे चौतीस रुग्णांच्या. चौदा अधिक चौतीस म्हणजे बरोबर अठ्ठेचाळीस वेल, सहा पूर्ण स्ट्रिप, एकही वाया नाही. वेलचा खर्च रुग्णामागे ४२ रुपयांवर येतो, टेक्निशियनचा ८ वर आणि यंत्रांचा १२ वर. सुई-ट्यूब, कंट्रोल, बाद बॅचचा वाटा आणि नमुने आणण्याचे पेट्रोल धरून सगळे मिळून ८९ रुपये. १०० रुपयांचा दर राहतो आणि ११ रुपये उरतात. त्यातून दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बायांची तपासणी मोफत करता येईल.

बॅचला रुग्ण तीसच्या खाली गेले, तर खर्च पुन्हा १०० च्या वर जातो. वीसच असले तर तो १२६ होतो. म्हणून या योजनेत डॉक्टरांनी नियमित नमुने पाठवणे पैशाइतकेच महत्त्वाचे आहे. आठवड्यातून एकच बॅच का लावत नाही, असेही विचारले गेले. आज आहेत त्या तीस रुग्णांवर तसे केले तरी खर्च १०७ च्या आसपास राहतो, आणि आपल्या किटच्या पत्रकाप्रमाणे सीरम २ ते ८ अंशांत पाच दिवसच ठेवता येते. सोमवारचा नमुना पुढच्या सोमवारी लावणे आम्हाला मान्य नाही.

कंपन्या स्वयंचलित यंत्र फुकट देतात, ते घ्या, असाही सल्ला मिळाला. ते फुकट नसते. महिन्याला ठरावीक तपासण्यांचे रीएजंट त्यांच्याकडूनच घ्यायचे असे लिहून द्यावे लागते, आणि तेवढे रुग्ण नाही आले तर तो भुर्दंड आपल्याला. एवढी संख्या आपल्याकडे आज नाही.

नमुने एकत्र करण्यात दोन अडचणी येतात. रक्त काढल्यावर अर्धा तास गोठू द्यायचे, मग सेंट्रीफ्यूजवर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने दहा मिनिटे फिरवून सीरम वेगळे करायचे, हे त्या त्या गावातच व्हायला हवे. सीरम वेगळे न करता रक्त मोटारसायकलवर खड्ड्यांतून आणले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम लालसर होते. असा नमुना आम्ही घेत नाही, रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागते. दुसरी अडचण विजेची. स्टॉप सोल्यूशन घातल्यावर पंधरा मिनिटांत रंग वाचावा लागतो. त्याच वेळी लाइट गेली, तर दहाच्या जागी चौतीस रुग्णांची बॅच जाईल. मोठ्या बॅचचा हा धोका आहे, आणि तो आम्ही आधीच टाळू इच्छितो.

म्हणून एकदाच लागणारी मदत अशी. तीन गावांसाठी तीन छोटे सेंट्रीफ्यूज, प्रत्येकी ८,५०० रुपये. आइसपॅकसह तीन कोल्ड बॉक्स, मिळून ४,५००. लॅबमध्ये फक्त नमुने आणि किटसाठी थर्मामीटर लावलेला फ्रिज, २२ हजार. रीडर-वॉशरसाठी बॅटरीसह यूपीएस, १८ हजार. वॉशरच्या सुयांचा संच बदलणे, १५ हजार. बेरीज ८५ हजार, म्हणजे आज एका वर्षात जी तूट भरतो तिच्यापेक्षा थोडीच जास्त.

याशिवाय कंट्रोलसाठी वर्षाला ६ हजार रुपये हवे आहेत. यंत्रासाठी दाते मिळतात, त्यावर नावाची पाटी लागते. कंट्रोलची बाटली कोणाला दिसत नाही आणि महिन्याभरात संपते. पण रिपोर्टवरचा आकडा खरा की नाही, हे ती बाटलीच सांगते. ६० रुपये दिलेत तर एका बॅचचा, चौतीस रुग्णांचा कंट्रोल आपल्या नावे होईल.

वस्तुरूपाने देणार असाल तर चालू स्थितीतला सेंट्रीफ्यूज आनंदाने घेऊ. मात्र त्याचे कार्बन ब्रश शिल्लक असावेत आणि झाकणाचे लॉक लागत असावे. मुदत संपत आलेली किंवा अर्धी वापरलेली किट कृपया देऊ नका. वेगवेगळ्या लॉटच्या स्ट्रिप आणि कॅलिब्रेटर एकत्र वापरता येत नाहीत, त्यामुळे अर्धी किट आमच्या उपयोगाची नसते.

मोटारसायकल असलेले सहा स्वयंसेवकही हवे आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत आपापल्या गावचा कोल्ड बॉक्स लॅबमध्ये पोचवायचा, पेट्रोल मंडळ देईल. मंगळवारी बाजाराला येणाऱ्यांना वाकडी वाट करावी लागणार नाही.

ताप, मलेरिया, डेंग्यू, हिमोग्लोबिन, साखर या तपासण्या पूर्वीप्रमाणे त्याच दिवशी होतील, त्या बॅचसाठी थांबवणार नाही. नवजात बाळाचा टीएसएच नमुना त्याच दिवशी जिल्ह्याला जाईल, कारण तिथे उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मोठ्यांच्या गोळीचा डोस बदलला, तर पुढची तपासणी सहा आठवड्यांनी असते. त्यांना तीन-चार दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

देणगी मंडळाच्या नावाने धनादेशाने किंवा कार्यालयात रोख देता येईल, पावती लगेच मिळेल. कोणत्या वस्तूसाठी देत आहात ते पावतीवर लिहून घ्या, ती रक्कम दुसरीकडे वळवली जाणार नाही. हिशेबाचा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे. आकड्यांत कुठे चूक वाटली तर सचिवांना दाखवा. सेंट्रीफ्यूज आणि यूपीएसची रक्कम जमली की पुढच्याच मंगळवारी पहिली मोठी बॅच लावू.

आपले,
रुग्णसेवा मंडळाचे कार्यकारी सदस्य