रविवारी मालमत्ता कराचं बिल घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 11 वाजता सोसायटीच्या कार्यालयात आपण मालमत्ता कराची बिलं एकत्र तपासणार आहोत. येताना यंदाचं आणि मागचं बिल, शिवाय करारनाम्याची प्रत आणा.

घरी आधी एवढं पाहून ठेवा:

- क्षेत्रफळ आणि वापर. करयोग्य मूल्य ठरताना हे दोन्ही धरलं जातं. माझ्या बिलात मी राहत असलेल्या घरापुढे ‘भाडेकरू’ छापलं होतं, त्यामुळे मूल्यच फुगलं होतं.

- करयोग्य मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे. भाड्यावर आधारित पद्धतीत वार्षिक भाडं 60,000 धरलं आणि 10 टक्के वजावट मिळाली, तर ते 54,000 होतं. सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन असे सगळे दर याच आकड्यावर लागतात.

- सवलत. ती बहुधा फक्त सामान्य करावर असते. वरच्या उदाहरणात सामान्य कर 30 टक्के, म्हणजे 16,200. त्यावर 5 टक्के सवलत 810. एकूण बिल 27,000 असलं, तरी सवलत 1,350 होत नाही. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

क्षेत्रफळ किंवा वापर चुकला असेल, तर बिलावरची हरकतीची मुदत आजच पाहा. ती जवळ आली असेल, तर रविवारची वाट न पाहता मला कळवा.

– सचिव