भाऊंच्या वर्षश्राद्धानंतर

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, ते भाताचे गोळे खायला कोण येतं?" मी चिडून फोन ठेवला. तुझी आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. राग प्रश्नाचा नव्हता. वर्ष झालं, तू आजोबांचं, भाऊंचं, नाव काढत नाहीस. असो, तो विषय नको.

शिजलेल्या भातात काळे तीळ, मध, तूप घालून पिंड वळले. जानवं उजव्या खांद्यावर, तोंड दक्षिणेला. दर्भावर आधी पाणी, मग पिंड, मग पुन्हा पाणी. वस्त्र म्हणून सुताचा धागा. पिंड तीनच: वडील, आजोबा, पणजोबा. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र उच्चारूनच ठेवायचा. भाऊंचं नाव घेताना माझा घसा दाटला, गुरुजी थांबले. मुकाट्याने ठेवता येत नाही रे, नाव घ्यावंच लागतं.

बाराव्याला तू व्हिसाच्या घोळात अडकलास. त्या दिवशी भाऊंच्या लांबट पिंडाचे दर्भाने तीन भाग केले आणि एकेक भाग वरच्या तिघांच्या पिंडात मिसळला. तोवर ते प्रेत, त्यानंतर पितर. मग तिघांत वडील म्हणून भाऊ आले आणि सगळ्यांत वरचे तिघांतून बाहेर गेले. पण त्यांनाही सोडत नाहीत. हाताला चिकटलेला भात दर्भाला पुसतात, तो त्यांचा आणि त्यांच्या वरच्या दोघांचा. ज्यांची नावंही मला धड सांगता येत नाहीत, त्यांच्यासाठी हात पुसताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

तर्पणात अंगठा आणि तर्जनीच्या मधून तिळाचं पाणी सोडतात. शेवटी ज्यांना आई-बाप, भाऊबंद कुणीच नाही, त्यांच्याही नावाने सोडतात. भाऊंना हा भाग फार आवडायचा. नदीत उभे राहून ते तो इतक्या मोठ्याने म्हणायचे की तू लहानपणी हसायचास.

कोण येतं? महाभारतात भीष्म शंतनूला पिंड देत होते, तेव्हा जमिनीतून बापाचा हात वर आला, कडी घातलेला. भीष्मांनी पिंड हातात दिला नाही, शास्त्राप्रमाणे दर्भावरच ठेवला, आणि बाप त्यावर खूश झाला. मला ही गोष्ट कठोर वाटते, तरी आवडते. पोचतं की नाही, ते मला ठाऊक नाही. देणारा मात्र तिथे असतो, एवढं मी पाहिलंय.

पुन्हा व्याख्यान झालं, माफ कर. तिकडे एकट्याने हे सगळं कर, असं माझं म्हणणं नाही. नोकरी सांभाळून तू आजोबांचा दवाखान्याचा खर्च उचललास, ते मी चारचौघांत सांगतो, तुला सांगत नाही.

पण रात्री झोप येते ना? आई म्हणते, आवाज बसलेला वाटतो. महालयात भाऊंच्या तिथीला मी बसेन, तेव्हा फोन चालू ठेव. बोलायचं नसेल तर नको बोलूस, नावं तेवढी ऐक.

तुझा,
बाबा