मिरजेच्या चाचांना, आजीच्या सुरासाठी

चाचा, सादर नमस्कार.

तुम्हाला मोबाईलवरचं वाचायचा कंटाळा आहे हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून हे नातवाकडून वाचून घ्या. मी सांगलीच्या गावभागातली, भाचीचा तानपुरा तुमच्याकडं दुरुस्तीला घेऊन आलेली. पावसात रिक्षातून भोपळ्याला पोतं गुंडाळून आणला म्हणून तुम्ही मला रागावला होता, ती.

त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले. घसा दाटून आला होता आणि रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

तुम्हाला ठाऊक आहे ते इथं पुन्हा लिहिते, कारण हे बाकीचेही वाचणार आहेत. २०१४ साली मी आजीचं गुणगुणणं मोबाईलवर घेतलं. चाळीस सेकंद, तांदूळ निवडता निवडता. मागं सुपाची सळसळ आहे, कुकरची अर्धी शिट्टी आहे. शब्द नाहीत, नुसतं ‘ऊं ऊं’. फक्त एके ठिकाणी ती स्पष्ट ‘राणी’ म्हणते. आमच्या मांजरीचं नाव राणी, त्यामुळं ती मधेच मांजरीला हाक मारते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढच्या वर्षी आजी गेली. ही चाल कुठली, हे तिला विचारायचं राहिलं. लहानपणापासून तेवढी एकच चाल तिच्या तोंडी ऐकली होती.

मग दहा वर्षं शोध. मोबाईलच्या ॲपला ऐकवली, तर त्याला काहीच कळेना. नंतर समजलं की तसली ॲपं चाल ओळखत नाहीत, ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखतात. एखाद्या रेकॉर्डचा जसा ठसा त्यांच्याकडं साठवलेला असतो, अगदी तसाच समोरून आला तरच ती नाव सांगतात. आजीच्या सुपाचा ठसा कुणाकडं असणार? २०२० मध्ये गूगलवर गुणगुणून शोधायची सोय आली तेव्हा पुन्हा आशा धरली. तिनं मला ओळीनं चार हिंदी गाणी दाखवली, एकही जवळपास नाही.

माणसांकडं गेले ते जास्त लागलं. एका जाणकारांनी पहिले चार सेकंद ऐकले, ‘मालकंस’ म्हणाले आणि मोबाईल परत दिला. पूर्ण ऐकाल का, म्हटलं, तर ‘गरज नाही’. त्यांच्या शब्दावर मी तीन वर्षं मालकंसातल्या बंदिशी, नाट्यपदं, भजनं ऐकत बसले. दुसरे म्हणाले, मालकंसच, पण म्हातारी मंद्र निषादावर जाऊन थांबते, म्हणजे बेसूर आहे. तिसऱ्यांनी तर ‘वय झालं की माणसं काहीही गुणगुणतात’ असं म्हणून विषयच मिटवला. मी गाणं शिकलेली नाही, हार्मोनियमवर सूर लावण्यापुरतं येतं. त्यामुळं वाटायचं, असेलही तसं. आजीची चूक मी गाणं समजून उराशी धरून बसले असेन.

तुमच्याकडं मी हा विषय काढणारच नव्हते. तुम्ही कानस घेऊन तारांखालची घोडी घासत होता. तारांना झंकार देणारी ही जवारी काढायला किती वेळ लागतो असं मी विचारलं, तर म्हणालात, ‘सूर बोलेपर्यंत.’ ते ऐकून मोबाईल कधी पुढं केला मलाच कळलं नाही.

तुम्ही कानस खाली ठेवलीत, हात पुसलेत, उठून पंखा बंद केलात. पूर्ण चाळीस सेकंद ऐकलंत. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ऐकताना भिंतीला टेकवलेला एक तानपुरा मांडीवर घेतलात आणि खुंटी पिळायला लागलात. मला वाटलं, आता मला गायला सांगणार. मी म्हटलं, ‘चाचा, मला गाता येत नाही.’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘तुम्ही कशाला गाताय? आजींना आपल्या सुरात बोलवायचं नाही, ताई. आपण त्यांच्या सुरात जायचं.’

आजीच्या सुराला तानपुरा लावलात. दहा वर्षांत हे कुणी केलं नव्हतं. सगळ्यांनी तिला आपल्या सुराशी ताडून पाहिलं आणि चूक ठरवलं.

पुढचं तुम्ही सहज केलंत, पण मला ते घरी येऊन हार्मोनियमवर चार वेळा वाजवल्यावर उमगलं. आधी तुम्ही आजीचा पहिलाच सूर षड्ज धरलात. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, त्यावर लावलीत आणि मालकंसात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमाला. त्या जाणकारांचंच म्हणणं आधी खरं धरून पाहिलंत. आजीची ओळ त्यावर ‘सा सा ग ग, म ग ध ध, नि ध म म ग’ अशी बसली. खरोखर मालकंस. पण चाल पुढं सरकत मंद्र निषादावर टेकली तेव्हा तानपुरा आणि आजी भांडायला लागली. मलासुद्धा ऐकू आलं ते.

तुम्ही रेकॉर्डिंगचं टोक पुन्हा लावलंत. तिथं सूप झटकून झाल्यावर आजी एक लांब सूर धरते, सुरुवातीच्या सुरापेक्षा दोन पायऱ्या खाली, आणि गप्प होते. ते मी कधी चालीत धरलंच नव्हतं, मला ते सुस्कारा वाटायचं. तुम्ही म्हणालात, ‘माणूस दमल्यावर कुठं बसतो ते बघायचं. तिथं त्याचं घर.’ जोड उतरवून त्या शेवटच्या सुराला आणलीत, पहिली तार पंचमाला, मणी सरकवून बारीक जुळवणी केलीत, घोडीवरचा दोरा केसभर हलवलात. मग पुन्हा मोबाईल लावलात.

चाचा, अंगावर काटा आला. तीच आजी, तेच चाळीस सेकंद, पण ‘ग ग प प, ध प सां सां, रें सां ध ध प’. भूप! जो बेसूर मंद्र निषाद म्हणून गाजला होता तो साधा रिषभ होता. आजी गांधारापासून सुरू करत होती, एवढाच काय तो घोळ. भूपाचे पाच सूर तेच ठेवून गांधाराला षड्ज मानलं की मालकंस ऐकू येतो, पंचमाला मानलं की दुर्गा. यालाच मूर्च्छना म्हणतात, हे आता वाचलं. तानपुरा नसेल आणि चाल षड्जापासून सुरू होत नसेल, तर चांगला कानही फसतो. चार सेकंदांत निकाल दिला तर फसतोच. म्हणजे त्या जाणकारांचा कान वाईट नव्हता. ते शेवटपर्यंत थांबले नाहीत, एवढंच.

पण भूपात कितीतरी गाणी आहेत, त्यातून ही एक कशी ओळखणार? तिथं तुम्ही ताल धरलात. मला एकानं दादरा सांगितला होता, सहा मात्रा, तीन आणि तीन. मोजायला चुकत नव्हतं, पण चाल लंगडायची. तुम्ही पटाशीच्या मुठीनं फळीवर दोन आणि चार असे ठोके दिलेत. ‘ग ग’ दोनात, ‘प प’ लांबवून चारात. लंगडणं गेलं आणि तुम्ही हसायला लागलात.

‘हे तर पोरांचं गाणं आहे वो ताई. कर्नाटकी. बेंगळुरूला एका बाईंच्या घरी तानपुरे दुरुस्त करायला गेलो होतो, आठ दिवस व्हरांड्यात बसून काम. रोज सकाळी बारकी पोरं हेच म्हणायची. वर वीणा.’

आपला भूप तो तिकडचा मोहनम्. आपला रूपक ताल सात मात्रांचा, तिकडचा सहाचा, दोन आणि चार. आणि ‘वर वीणा मृदुपाणि’ हे तिथल्या मुलांना सरळी, जंट, अलंकार हे सुरांचे पहिले धडे झाले की सुरुवातीलाच शिकवायचं गीतम्. मी दहा वर्षं नाटकात, सिनेमात, भजनात जे धुंडाळत होते ते कर्नाटक संगीत शिकणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराला पाठ असतं. सांगलीपासून कर्नाटकाची हद्द ती काय लांब!

आजीचे वडील मीटरगेजच्या काळात रेल्वेत होते. तिचं लहानपण तुमकुराकडं गेलं, मग लग्न होऊन ती सांगलीला आली. कानडी ती फक्त चिडल्यावर बोलायची, एवढंच आम्हाला माहीत. ती गाणं शिकत होती हे तिनं साठ वर्षांत कुणाला सांगितलं नाही. की कुणी विचारलंच नाही? माझी आई म्हणाली, सासरी गाणं म्हटलेलं चालायचं नाही. शब्द बहुतेक तिथंच गळले असतील आणि ‘ऊं’ तेवढं उरलं.

तुम्ही पैसे फक्त जवारीचे घेतलेत. वरचे देऊ केले तर म्हणालात, ‘आजींच्या सुराचा तानपुरा आता दुसरं गिऱ्हाईक येईस्तोवर असाच राहू दे.’ मी पायरी उतरले तरी तो आत वाजत होता. तुम्हीच छेडत होता ना?

अजून एक राहिलं. त्या रात्री मी एका लहान मुलीचा धडा शोधून ऐकला. परकर-पोलकं घातलेली, मांडीवर ताल देत गाणारी. पहिली ओळ ओळखीची निघाली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. दुसरी ओळ आली, ‘वनरुहलोचन राणि’. शेवटचा शब्द ग ग रे वर, बरोबर आजीच्याच जागी.

आई खाली बसली. म्हणाली, ‘म्हणजे मांजरीला हाक नव्हती ती.’

चाचा, मांजरीचं नाव आजीनंच ठेवलं होतं.

तानपुरा न्यायला गुरुवारी येते. या वेळी गादी आणि दोन चादरी आणणार आहे. आईलाही यायचंय. तिला तो तानपुरा ऐकायचाय, आजीच्या सुराचा. गिऱ्हाईक आलं असेल तर पुन्हा तेवढा लावाल का?

तुमची,
गावभागातली ताई