बाबांचा बॅकअप का अडकतोय

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेले दोन्ही स्क्रीनशॉट पाहिले. फोन बिघडलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल खात्यात जातो आणि त्या खात्यातली जागा संपली आहे. फुकट मिळते ती 15 जीबी, तीही फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. तुमच्या खात्यात 14.9 भरली आहे, त्यातले 11.2 फोटो-व्हिडिओ. "आधी बरं चालत होतं" म्हणालात, ते खरं आहे. अँड्रॉइडवर हा बॅकअप पूर्वी त्या 15 मध्ये धरत नसत. 2024 पासून धरू लागले.

आधी खातं बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Settings, मग Chats, मग Chat backup. तिथे खाली ईमेल दिसेल. तो तुमचाच आहे ना? फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेला कुठला भलताच असेल तर मला कळवा, बदलू नका. उद्या नवा फोन घेतलात तर बॅकअप परत आणायला हाच नंबर आणि हेच खातं लागेल.

मग जागा. गूगल फोटोमधले सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ निवडून काढा. आई, तुझ्या भजनी मंडळाचेही त्यात पुष्कळ आहेत, हवे ते आधी बाजूला काढून ठेव. काढलेलं थेट जात नाही, Bin मध्ये पडून राहतं आणि तिथेही जागा खातं. म्हणून Bin रिकामा केल्याशिवाय आकडा हलणार नाही. Chat backup मध्येच Include videos बंद केलंत तर बॅकअपही बराच हलका होईल.

आता दुसरी गोष्ट, आणि माझा संशय हिच्यावर जास्त आहे. आपोआप होणारा बॅकअप मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास सुरू होतो, आणि बाबा, तुम्ही झोपताना वाय-फायचं बटण बंद करता! वीज वाचते, पण बॅकअपला नेट मिळत नाही. जागा संपली असेल तर तसा संदेश येतो. आकडा एकाच टक्क्यावर तासन्‌तास थांबला तर नेट तपासायचं. म्हणून जागा मोकळी झाली की दिवसाच, फोन चार्जिंगला लावून वाय-फायजवळ ठेवा आणि हिरवं Back up बटण दाबा. पहिल्यांदा वेळ लागेल. झाल्यावर Last backup पुढे आजची तारीख दिसली की काम झालं.

शेजारचे काका म्हणतात तसं अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. नवा बॅकअप झालेला नसताना ते केलंत तर मधल्या काळातल्या गप्पा आणि फोटो जातील. मी शनिवारी फोन करीन, तोवर आई, तू Bin चं तेवढं बघ.

तुमची,
मंजू